झाकली बरणी सव्वा लाखाची

आमच्या घरात मला मानाने हाक मारली जाते ती दोनच कामांसाठी. माळ्यावरची बॅग काढायची असते किंवा बरणीचं झाकण उघडत नसतं. पहिल्या कामात निदान स्टुलाचा आधार असतो.

त्या दिवशीची बरणी सॉसची, नवी कोरी. मी बाह्या सरसावल्या, श्वास रोखला आणि पिळलं. झाकण जागच्या जागी. फिरलं ते माझं मनगट. मग रुमाल लावून पिळलं, गुडघ्यांत दाबून पिळलं. माझा चेहरा आणि सॉस यांचा रंग एक झाला तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, झाकणाचा मधला भाग बघ ना. आत ओढलाय. व्हॅक्यूम आहे तो."

सॉस गरम असतानाच बरणी बंद करतात. आतली वाफ निवून तिचं पाणी होतं, तिची जागा रिकामी पडते आणि बाहेरची हवा झाकणावर ठाण मांडते. झाकण ७ सेंटिमीटर व्यासाचं असेल आणि आतला दाब बाहेरच्या निम्मा धरला, तर हा भार जवळजवळ २० किलो भरतो. थोडक्यात, झाकणावर पाच-सहा वर्षांचं पोर मांडी घालून बसलं होतं आणि मी त्याच्यासकट झाकण फिरवू पाहत होतो. आधी पोराला उठवायला हवं होतं.

मुलीने चमच्याचं बोथट टोक झाकणाच्या खालच्या कडेत सरकवलं. तरफेसारखं काचेवर रेटलं नाही, नुसता चमचा किंचित पिळला. त्याने पत्र्याची कड जराशी बाहेर सरकते. एका जागी काही झालं नाही, म्हणून बरणी थोडी फिरवून पुन्हा. तिसऱ्या जागी 'टक्' झालं. मधला भाग वर आला आणि मग झाकण दोन बोटांनी फिरलं. ती दोन बोटं माझी नव्हती, हे सांगायला नकोच.

अशी विद्या हाती लागल्यावर माणूस गप्प बसतो का? कपाटाच्या कोपऱ्यात मधाची बरणी महिनाभर घट्ट बसून होती. चमचा घेऊन मी तिच्याभोवती फिरू लागलो. टक् होईना. एवढ्यात बायको आली.

"ही आपण आधी उघडलेली बरणी आहे ना? मग व्हॅक्यूम कुठून येणार? आट्यांमध्ये मध वाळलाय. ठेव तो चमचा. गेल्या वर्षीचं 'टिक्' विसरलास?"

विसरेन कसा! 'टक्' हवेचा आवाज, 'टिक्' काचेचा. कडेचा टवका उडाला होता आणि तो आत पडला की बाहेर हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून अख्खी बरणी फेकावी लागली होती.

यावर उपाय गरम पाणी. मी लगेच पाणी उकळायला ठेवलं, तर तेही चुकलं. काचेचा एक भाग एकदम तापला आणि दुसरा गार राहिला की ती तडकते. फ्रिजमधल्या बरणीचं तर बघायलाच नको. हाताला सोसेल एवढंच पाणी घ्यायचं आणि बरणी उलटी करून फक्त झाकण बुडेल असं ठेवायचं.

"उष्णतेने पत्रा प्रसरण पावतो," मी शाळेतलं आठवून म्हणालो. पुढे हिशेबही केला आणि पस्तावलो. तेवढं झाकण ४० अंशांनी तापलं तर जेमतेम ०.०३ मिलिमीटर रुंदावतं. केसही याहून जाड असतो. खरं काम पाणीच करतं. ते आट्यांत शिरून वाळलेली साखर विरघळवतं, आणि त्याला वेळ लागतो. दहा मिनिटं झाली, पाणी निवलं, ते बदलून आणखी दहा मिनिटं.

बरणी बाहेर काढली. उलटीच धरून जोर लावला. झाकण आणखी घट्ट झालं, कारण बरणी उलटली की वरून बघणाऱ्याला उघडायची दिशाही उलटते! सुलटी केली, पुसून कोरडी केली, भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले. आधी कर्रकर्र झालं, मग झाकण सुटलं. मी ते चषकासारखं उंच धरलं. टाळ्या वाजल्या नाहीत.

बायकोने ओल्या फडक्याने आटे आणि झाकणाची आतली कड पुसली. "वाळलेलं राहिलं तर पुन्हा चिकटेल," म्हणाली आणि बरणी माझ्याकडे सरकवली. मी झाकण ठेवलं, दात-ओठ खाल्ले आणि नेहमीच्या सवयीने सारी ताकद लावून ते गच्च आवळलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला चहात घालायला चमचाभर मध हवा होता.