सही करण्याआधी मॅनेजरला काय विचारायचं?

"मावशी, इंदूरमधल्याच एका कंपनीची ऑफर आलीये, सपोर्ट टीममध्ये. मॅनेजरला टीमबद्दल नि टार्गेटबद्दल खोदून विचारलं तर ऑफर काढून घेतील का?"

तशी शक्यता कमी. पण एचआरला नाही, ज्याच्या हाताखाली काम करायचंय त्याला विचार. ऑफर लेखी आल्यावर आणि सध्याच्या नोकरीचा राजीनामा देण्याआधी अर्ध्या तासाचा कॉल माग. इथे जर्मनीत मुलाखतीच्या शेवटी उमेदवाराकडून प्रश्नांची अपेक्षाच असते. शिवाय प्रोबेशनमध्ये, म्हणजे जास्तीत जास्त सहा महिने, दोघांनाही सहसा दोन आठवड्यांच्या नोटिशीवर मोकळं होता येतं. तुमच्याकडे आयटीत नोटीस बऱ्याचदा तीन महिन्यांची. फसलं तर तिकडे जास्त भोगावं लागतं, म्हणून विचारण्याची गरजही तिकडेच जास्त.

रामबागेतले काका म्हणतात, "आधी पाय टेकू दे, मग विचार." कॅम्पसमधून घाऊक भरती असेल तर त्यांचं बरोबर आहे, कारण तेव्हा मॅनेजरच ठरलेला नसतो. तुझी जागा मात्र ठरलेली आहे. दादा त्याच्या बँकेतल्या बदलीचं सांगतोय, पण तिथे नकार द्यायची सोयच नव्हती.

पहिला प्रश्न हा: ही जागा नवी आहे की कुणी सोडून गेलं, आणि टीममध्ये आज प्रत्यक्ष किती जण काम करतात? "चौघांची टीम आहे" एवढ्यावर थांबू नकोस. मंजूर जागा चार आणि माणसं दोन असतील, तर आज रात्रीचा ऑन-कॉल प्रत्येकाकडे दर दुसऱ्या आठवड्याला येत असणार. तू आलीस की दर तिसऱ्या. चौथी जागा कधी भरणार, याला तारीख मिळाली नाही तर तिसरा आठवडाच धरून चाल.

दुसरा प्रश्न: सहा महिन्यांनी मी काय केलेलं असेल तर तुम्हाला निवड बरोबर वाटेल? "रात्रीच्या तक्रारी निम्म्या व्हायला हव्यात" हे उत्तर झालं. मग लगेच विचार, त्या तक्रारी कशामुळे येतात. कारण दुसऱ्या टीमच्या कोडमध्ये असेल आणि ते बदलायचा हक्क तुला नसेल, तर टार्गेट तुझं नि किल्ली दुसऱ्याकडे. "सगळंच बघावं लागेल" असं म्हणाला, तर अप्रेझलच्या वेळी काय मोजतील ते त्यालाही ठाऊक नाही.

तिसरा पैशाचा. १४ लाखांच्या पॅकेजमध्ये १५ टक्के व्हेरिएबल असेल तर २ लाख १० हजार पक्के नाहीत. गेल्या वर्षी या टीमला त्यातले किती मिळाले, एवढंच विचार.

कॉलनंतर आभाराच्या मेलमध्ये ठरलेलं चार ओळींत लिहून पाठव. तो करार होत नाही, आणि मॅनेजर बदलला तर नवा माणूस ते मानेल याची खात्री नाही. यावर अजून मला पक्का उपाय सापडलेला नाही. ऑन-कॉलची पाळी तरी ऑफर लेटरमध्ये घालता येते का, ते एचआरला विचारून बघ.