पन्नास अधिक वीस बरोबर साठ

‘५० टक्के + २० टक्के सूट’ अशी पाटी दिसली की माझं गणित तिसरीत परत जाऊन बसतं. पन्नास नि वीस सत्तर. कुणी विचारायच्या आतच मेंदू उत्तर देऊन मोकळा होतो आणि वर स्वतःची पाठही थोपटून घेतो. हजाराची वस्तू तीनशेला! मग काउंटरवर चारशे मागतात. माणूस बिलाकडे बघतो, पाटीकडे बघतो, पुन्हा बिलाकडे बघतो. बिल चुकलेलं असतं तर भांडता तरी आलं असतं. पण ते बरोबर असतं, आणि खरा छळ तोच आहे.

भानगड त्या अधिक चिन्हात आहे. शाळेत ते बेरजेचं होतं, पाटीवर त्याचा अर्थ फक्त ‘आणि मग’ एवढाच. आधी पन्नास टक्के सूट, आणि मग जे उरेल त्यावर वीस टक्के. हजारातून पाचशे गेले, पाचशे उरले. आता वीस टक्के काढायचे ते या पाचशेचे, म्हणजे शंभर. एकूण बचत सहाशे, म्हणजे साठ टक्के. दुसरी सूट ही दुसऱ्या पंगतीचा पाहुणा आहे. तिच्या पानात पडणार ते उरलंसुरलं.

आपण मनात धरलेले दोनशे हे मूळ हजाराचे वीस टक्के होते. टक्का हा काही स्वतंत्र बाण्याचा आकडा नाही, तो कायम कुणाच्या तरी आश्रयाला राहतो. त्यामुळे ‘वीस टक्के’ म्हटलं की पहिला प्रश्न ‘कशाचे?’ हा. पाटी नेमकं तेवढंच सांगत नाही.

‘सत्तर काय नि साठ काय, दहाचाच तर फरक’ असं म्हणणारेही भेटतात. सूट मोजली तर फरक दहाचाच दिसतो. पण खिशातून जाणारे पैसे मोजा. तीनशे द्यायची तयारी होती आणि दिले चारशे, म्हणजे ठरवल्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने जास्त. दहाचा फरक तेहेतीसच्या वर गेला, आणि हाही टक्क्यांचाच प्रताप. आश्रयदाता बदलला की टक्का लगेच रंग बदलतो.

तोंडी हिशेबाला माझ्या मते एकच रीत बरी: सुटीकडे बघायचंच नाही, जे उरतं ते धरायचं. पन्नास सुटले की पन्नास उरतात, वीस सुटले की ऐंशी. शून्यं झाकून ठेवा, पाच आठे चाळीस. द्यायचे चाळीस टक्के, वाचले साठ. ‘४० + ३०’ असेल तर साहा साते बेचाळीस. द्यायचे बेचाळीस, वाचले अठ्ठावन्न. पाढे पाठ करून घेणाऱ्या गुरुजींचे उपकार असे अनपेक्षित जागी फिटतात. आकडे अडनिडे असले, म्हणजे ‘३५ + १५’, तर ६५ गुणिले ८५, म्हणजे ५५२५. शेवटचे दोन आकडे दशांशचिन्हापलीकडे ढकलले की द्यायचे ५५.२५ टक्के, वाचले ४४.७५. मन मात्र पन्नास धरून बसलेलं असतं.

सूत्रच हवं असेल तर दोन्ही टक्के मिळवा आणि त्यांच्या गुणाकाराचा शंभरावा भाग वजा करा. पन्नास नि वीस सत्तर, गुणाकार हजार, त्याचा शंभरावा भाग दहा, राहिले साठ. तो वजा होणारा दहा म्हणजे आधीच सुटून गेलेल्या पाचशेवर आपण हक्क सांगत होतो ती वीस टक्के सूट. गेलेल्या पैशावर पुन्हा सूट मागणं, एवढाच आपला अपराध.

इथून एक गंमत निघते. पाटीवरची बेरीज तीच ठेवून नुसती वाटणी बदलली तरी खरी बचत हलते. ‘६० + १०’ची बचत चौसष्ट, ‘५० + २०’ची साठ, ‘४० + ३०’ची अठ्ठावन्न आणि ‘३५ + ३५’ची ५७.७५. चारही पाट्यांची बेरीज सत्तरच. दोन्ही सुटी जितक्या सारख्या, तितकं बेरजेचं स्वप्न जास्त फुटतं, कारण तेव्हा वजा होणारा गुणाकार सर्वांत मोठा असतो. दोन सावत्र सुटी, एक थोरली नि एक नाममात्र, दिसल्या तर समजा की पाटी त्यातल्या त्यात खरं बोलते आहे. ‘५० + ५०’ला वस्तू फुकट मिळत नाही हे सगळ्यांना कळतं. पंचवीस टक्के द्यावेच लागतात. तोच न्याय ‘५० + २०’ला लावायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही.

तेव्हा एकीकडे ‘४० + २५’ आणि दुसरीकडे ‘सरळ ५५’ असेल, तर कुठे वळायचं? पाय आपोआप पासष्टकडे ओढ घेतात. पण साठ गुणिले पंचाहत्तर म्हणजे पंचेचाळीस टक्के द्यायचे, वाचले पंचावन्न. दोन्ही जागी छापील किंमत एकच असेल तर किंमतही तंतोतंत एकच. ‘सरळ ५५’वाला बिचारा दहाने मागे वाटतो तो निव्वळ सरळपणामुळे.

आता एक वाद, जो रांगेत उभं राहून घालता येतो: आधी पन्नास लावले तर फायदा की आधी वीस? दोन्ही सुटी टक्क्यांच्या असतील तर वाद घालू नका. पाच आठे चाळीस आणि आठ पंचे चाळीसच. पण त्यातली एक टक्क्यांची आणि दुसरी ठराविक रकमेची असेल, तर जरूर घाला. हजाराच्या वस्तूवर वीस टक्के सूट आणि दोनशेचं कूपन आहे असं धरा. आधी टक्के काढले तर आठशे, मग कूपन, द्यायचे सहाशे. आधी कूपन लावलं तर आठशे, त्याचे वीस टक्के एकशेसाठ, द्यायचे सहाशेचाळीस. चाळीसचा फरक, म्हणजे कूपनच्या दोनशेचेच वीस टक्के. म्हणून टक्के आधी, कूपन मागाहून. मात्र कूपनवर ‘किमान खरेदी ९००’ असेल आणि ती सूट वजा झाल्यावर मोजत असतील, तर टक्के आधी लावताच तुम्ही आठशेवर येता आणि कूपन हात वर करतं. मग आठशेच भरा.

आणि सगळ्यात वर ती ‘कमाल १५० पर्यंत’. चार हजारांची वस्तू ‘५० + २०’वर घेतली. पहिली सूट दोन हजार, दुसरी व्हायला हवी चारशे, पण कमाल मर्यादेमुळे दीडशेवरच थांबली. बिल अठराशेपन्नास. खरी सूट काढायला बिलाची रक्कम छापील किमतीने भागा, शंभराने गुणा आणि शंभरातून वजा करा: उत्तर ५३.७५. म्हणजे दुसऱ्या वीसांतून पावणेचारच पदरात पडले. पाटीवर याचा उल्लेख नसतो असं नाही. वीसच्या डोक्यावर एक तारका असते आणि खाली तिचा खुलासा. आता तारकाच ती, दुर्बिणीशिवाय दिसायची कशी?