कॅमेरा, लाइट, लॅपटॉप आणि घसारा : त्या मेसेजमधलं काय चुकतंय

«31 मार्चच्या आत कॅमेरा, लाइट, लॅपटॉपचं बिल करून घ्या आणि पूर्ण किंमत त्याच वर्षी खर्चात टाका. हप्त्यावर घेतलं असेल तर हप्ते टाका. सगळ्या डिजिटल वस्तूंवर 40 टक्के घसारा मिळतो. नफा कमी असेल त्या वर्षी घसारा घेऊ नका, पुढे वापरा. जुना कॅमेरा विकला तर ते पैसे तुमचे, हिशोबात दाखवू नका.»

लग्नसराईत काम करणाऱ्या इंदूरच्या फोटो-व्हिडिओवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. त्यावर विसंबून विवरण भरलं तर नुकसान होतं, म्हणून एकेक मुद्दा घेऊ. खालची आकडेमोड 2022-23 ते 2025-26 या वर्षांची, म्हणजे 1961 च्या आयकर कायद्याखालची आहे. मालक एकटा आहे आणि त्याची जीएसटी नोंदणी नाही, असं धरलंय. नोंदणी असून जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल, तर तेवढा कर वस्तूच्या किमतीत धरायचा नाही.

पूर्ण किंमत एकाच वर्षी. कॅमेरा काही वर्षं कमावून देतो, म्हणून त्याची किंमत हा भांडवली खर्च. तो दरवर्षी घसाऱ्याच्या रूपानेच खर्चात येतो. मार्चमध्ये बिल करण्याची घाई तर उलटी अंगाशी येते. खरेदीच्या वर्षात वस्तू 180 दिवसांपेक्षा कमी वापरली गेली, तर त्या वर्षी घसारा निम्म्या दरानेच मिळतो. 31 मार्चपासून मागे मोजत गेलं तर 180 वा दिवस 3 ऑक्टोबरला येतो (फेब्रुवारी 29 दिवसांचा असेल तर 4 ऑक्टोबरला). मोजणी बिलाच्या तारखेपासून होत नाही, वस्तू कामाला लागली त्या दिवसापासून होते. म्हणून पहिल्या कामाचं बिल आणि त्या दिवशीच्या मूळ फाइली जपून ठेवा.

आपल्याकडे नवी खरेदी नेमकी सणांना होते, त्यामुळे हा नियम फार लागतो. समजा 2022 मध्ये घटस्थापनेला, 26 सप्टेंबरला, कॅमेरा आणि लेन्स मिळून 2,40,000 रुपयांना घेतले आणि त्याच आठवड्यात काम केलं. दसऱ्याला, 5 ऑक्टोबरला, 60,000 चे लाइट घेतले. धनत्रयोदशीला, 22 ऑक्टोबरला, 1,00,000 चा लॅपटॉप आला. कुठल्या वस्तूला कुठला दर ते पुढे येईलच; इथे कॅमेऱ्यावर पूर्ण 15 टक्के, म्हणजे 36,000 मिळतात. लाइटचे भरले 178 दिवस, म्हणून 9,000 च्या जागी 4,500. लॅपटॉपवर 40 च्या जागी 20 टक्के, म्हणजे 20,000. चार लाखांच्या खरेदीतले पहिल्या वर्षी खर्चात आले 60,500. उरलेले बुडत नाहीत, शिल्लक किमतीत पुढे जातात.

बिल रोखीने चुकतं केलं तर मात्र बुडतात. एका दिवसात एकाच दुकानदाराला 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर तेवढी रक्कम वस्तूच्या किमतीत धरलीच जात नाही. म्हणजे तेच 60,000 जेल रोडवर नोटांनी मोजून दिले, तर त्या लाइटवर आयुष्यभर शून्य घसारा. पैसे खात्यातून द्या.

हप्ते. हप्त्यात मुद्दल असते आणि व्याज असतं. मुद्दल म्हणजे कर्जाची परतफेड, तो खर्च नव्हे. लॅपटॉप 1,00,000 चा आणि 9,000 चे बारा हप्ते असतील, तर वरचे 8,000 व्याज आहे आणि ते ज्या त्या वर्षाच्या वाट्याप्रमाणे खर्चात जातं. घसारा पहिल्या वर्षापासून पूर्ण 1,00,000 वर धरायचा, कितीही हप्ते बाकी असले तरी. मुद्दलही खर्चात टाकली आणि घसाराही घेतला, तर एकच पैसा दोनदा वजा होतो. तपासणीत ही चूक लगेच सापडते, कारण खतावणीत कर्जाचं खातं कमीच होत नाही.

सरसकट 40 टक्के. हा दर संगणकाचा आणि त्याच्या सॉफ्टवेअरचा. प्रिंटर आणि स्कॅनर हे संगणक-प्रणालीचाच भाग आहेत, असा दिल्ली उच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल आहे, त्यामुळे तेही याच दरात बसतात. कॅमेऱ्यात चिप असली म्हणून तो संगणक होत नाही. कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड, स्टँडवरचे लाइट हे सगळं यंत्रसामग्रीत, 15 टक्क्यांत. स्टुडिओच्या छतात वायरिंगसकट कायमचे बसवलेले दिवे विद्युत जोडणीत धरले जातात आणि तिथे दर 10 टक्के. शटर बिघडून बदललं तर ती दुरुस्ती, तिचा पूर्ण खर्च त्याच वर्षी. लॅपटॉप घरी मुलंही वापरत असतील, तर घसारा फक्त धंद्याच्या वाट्याचा.

घसारा पुढे राखून ठेवणं. असं करता येत नाही. तुम्ही मागा किंवा न मागा, कायदा तो घेतलाच असं धरतो. शिल्लक किंमत कमी होतेच, फक्त वजावट हातची जाते. नफा अपुरा असेल तर घसारा दाखवायचा. न सामावलेला भाग पुढच्या वर्षांत ओढता येतो. जे आयकर कायद्याच्या कलम 44AD किंवा 44ADA खाली उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा दाखवतात, त्यांना घसारा वेगळा मिळत नाही. तरी त्यांच्या वस्तूंची किंमतही कागदावर दरवर्षी उतरतेच. चार वर्षांनी नेहमीच्या पद्धतीवर आलात, तर सुरुवात मूळ किमतीपासून होत नाही, उतरलेल्या किमतीपासून होते. म्हणून वह्या ठेवत नसाल तरी घसाऱ्याचा तक्ता ठेवाच.

विक्रीचे पैसे. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण घसारा एकेका वस्तूवर चालत नाही, एकाच दराच्या वस्तूंच्या गटावर चालतो. आपल्या उदाहरणात 15 टक्क्यांच्या गटाची किंमत पहिल्या मार्चअखेर 2,59,500 होती, मग 2,20,575 आणि मार्च 2025 ला 1,87,489. लॅपटॉप उतरत गेला तो 80,000, 48,000 आणि 28,800 असा.

आता 2025-26 मध्ये कॅमेरा-लेन्स 1,10,000 ला विकले. एकट्या कॅमेऱ्याची कागदावरची किंमत 1,47,390 होती, पण म्हणून 37,390 चा तोटा वेगळा मागता येत नाही. गटातून विक्रीचे पैसे वजा करा, उरतील 77,489. त्यावर 15 टक्के म्हणजे 11,623 हा त्या वर्षीचा घसारा. कॅमेरा गेला तरी लाइट आहेत, म्हणून गट जिवंत आहे.

लॅपटॉपचं तसं नाही. 40 टक्क्यांच्या गटात तो एकटाच आहे. तो 35,000 ला विकला तर 6,200 अल्पकालीन भांडवली नफा होतो आणि त्यावर कर लागतो. 20,000 ला विकला तर 8,800 तोटा होतो, पण तो धंद्याच्या नफ्यातून वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यातून होतो. त्या वर्षी घसाराही नाही, कारण गटच संपला. म्हणून जुना लॅपटॉप काढायचा असेल, तर त्याच आर्थिक वर्षात नवा घेऊन कामाला लावा. मग विक्रीचे 20,000 वजा होऊन 8,800 गटात राहतात, नव्याची किंमत त्यात मिळते आणि घसारा चालू राहतो.