६५ टक्के पाक आणि ६५० ग्रॅमची चूक

“सरबताचं सिरप टिकायला ६५ टक्के पाक लागतो, म्हणजे १ लिटर पाण्यात ६५० ग्रॅम साखर. साखर विरघळते, जागा घेत नाही, तेव्हा १० लिटर सिरपला १० लिटर पाणी आणि साडेसहा किलो साखर. काटा नसेल तर वाटीने मोजा, प्रमाण तेच राहतं. पातळ वाटलं तर थोडं उकळून घ्या.”

उन्हाळा आला की हा मजकूर फिरायला लागतो. पहिल्या वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. तिथून पुढे प्रत्येक वाक्यात काहीतरी हुकलंय, आणि ते मी स्वतःच्या बाटल्या फुकट घालवून शिकलो. पहिल्या वर्षी लिंबाचं सिरप याच हिशोबाने केलं होतं. तिसऱ्या आठवड्यात एका बाटलीचं झाकण उघडताना ‘फुस्स’ झालं, वर फेस आला आणि वास ताडीच्या वळणावर गेला.

पहिला प्रश्न टक्के कशाचे, हा. पाकाचे टक्के म्हणजे तयार पाकाच्या वजनात साखर किती. ६५ टक्के म्हणजे १०० ग्रॅम पाकात ६५ ग्रॅम साखर आणि उरलेलं ३५ ग्रॅम पाणी. ब्रिक्स म्हणतात तेही हेच. १ लिटर पाणी म्हणजे साधारण १ किलो. त्यात ६५० ग्रॅम साखर घातली की पाक झाला १६५० ग्रॅम, आणि ६५० भागिले १६५० म्हणजे फक्त ३९.४ टक्के. एवढ्या पाकात यीस्टला भरपूर पाणी मिळतं, म्हणून तो आंबतो. स्क्वॉश ४० टक्क्यांच्या आसपास असूनही टिकतो, पण तो परिरक्षकाच्या जोरावर. खऱ्या ६५ टक्क्यांसाठी १ किलो पाण्याला १ किलो ८५७ ग्रॅम साखर लागते. उलटं लक्षात ठेवणं सोपं पडतं: १ किलो साखरेला ५३८ ग्रॅम पाणी. आकडा पहिल्यांदा ऐकला की छातीत धस्स होतं, पण साखर निम्म्याहून जास्त नसेल तर त्याला ६५ टक्के म्हणता तरी कसं येईल?

कुठलीही ताकद, कुठलाही घाणा घ्या, हिशोब दोन ओळींचा आहे:

```
साखर = घाण्याचं वजन × टक्के ÷ 100
पाणी = घाण्याचं वजन − साखर
```

आता जागेचं. पातेल्यात १ लिटर पाणी घ्या, पातळीवर खूण करा आणि वर सांगितलेली ६५० ग्रॅम साखर विरघळवा. पातळी १ लिटर ४०० मिलीच्या आसपास जाते. विरघळलेली १ किलो साखर सुमारे ६२० मिली जागा खाते. म्हणजे १० लिटर पाणी आणि साडेसहा किलो साखर यांचं होतं जवळजवळ १४ लिटर. १० लिटरच्या कॅनमध्ये ओतायला गेलात तर ओटा पुसत बसाल.

म्हणून घाणा लिटरमध्ये ठरवायचा असेल तर मध्ये घनता घ्यावी लागते. २० अंश सेल्सिअसला ६५ टक्के पाकाचा १ लिटर भरतो १.३१६ किलो. १० लिटर सिरप म्हणजे १३.१६ किलो. त्याचे ६५ टक्के साखर, ८.५५ किलो, आणि बाकी ४.६१ किलो पाणी. दहा लिटरसाठी पाच लिटरसुद्धा पाणी लागत नाही! ताकद बदलली की घनताही बदलते: ५० टक्के पाकाचा लिटर १.२३ किलो, ४० टक्क्यांचा १.१८ किलो.

वजनाचे टक्के आणि मापाचे टक्के यांतला गोंधळ फक्त घरगुती नाही. औषधांच्या साध्या पाकाची ताकद ब्रिटिश फार्माकोपिया, म्हणजे तिथलं औषधांच्या प्रमाणांचं अधिकृत पुस्तक, ६६.७ टक्के सांगतं, अमेरिकेतलं ८५ टक्के. दुसरा पाक कितीतरी घट्ट वाटतो ना? पण पहिला आकडा वजनाला वजन आहे, दुसरा १०० मिलीत ८५ ग्रॅम. अमेरिकन पाकाचा लिटर भरतो १३१३ ग्रॅम, त्यात साखर ८५० ग्रॅम, म्हणजे वजनाने ६४.७ टक्के. उलट तोच किंचित पातळ.

वाटीबद्दल थोडक्यात. २४० मिलीच्या वाटीत पाणी मावतं २४० ग्रॅम, दाणेदार साखर सुमारे २०० ग्रॅम. एकास एक वाटी घेतली की पाक ५० टक्के नाही, ४५ टक्के होतो. पिठीसाखर असेल किंवा वाटी ठोकून भरली तर आणखी वेगळा. गुलाबजामच्या पाकाला चालतं, महिनोन् महिने ठेवायच्या बाटलीला नाही. काटा घ्या.

“थोडं उकळून” हे तर हिशोब न करता लिहिलेलं आहे. साखर उडत नाही, पाणी उडतं. साडेसहा किलो साखर ६५ टक्के व्हायची तर सगळ्या पाकाचं वजन १० किलोवर यायला हवं. सुरुवात साडेसोळा किलोंची. म्हणजे साडेसहा किलो पाणी वाफ करून घालवायचं, आणि हाती येणार साडेसात लिटर सिरप. गॅस जाळून पाणी उडवण्यापेक्षा ते मुळात घालायचंच नाही. आधीच पातळ करून बसला असाल आणि साखर घालूनच सुधारायचं असेल, तर त्या १० लिटर पाण्याला एकूण १८.५७ किलो साखर लागते, म्हणजे आणखी १२ किलो. सिरप होईल २१ लिटरांच्या वर. तेवढ्या बाटल्या आहेत का, ते आधी बघा.

घट्टपणालाही वरची हद्द आहे. २० अंशांना साखर जेमतेम ६७ टक्क्यांपर्यंत विरघळलेली राहते. गरम असताना ७० टक्क्यांचा पाक नितळ दिसतो, थंडीत बाटलीच्या तळाशी खडे धरतात.

या मजकुरात एक गोष्ट मुळातच नाही: फळाच्या रसातलं पाणी. लिंबाच्या १० किलो सिरपचा हिशोब करू. रस २५ टक्के, म्हणजे अडीच किलो. लिंबाच्या रसाचा ब्रिक्स ८ आला, तर त्यातले २०० ग्रॅम विद्राव्य घटक, उरलेलं जवळजवळ सगळं पाणी. एकूण हवेत साडेसहा किलो, त्यातून २०० ग्रॅम वजा, साखर ६.३ किलो. वरून पाणी राहिलं फक्त १.२ किलो. एवढ्याशा पाण्यात साखर भिजेल इतकंच होतं, म्हणून मी मंद आचेवर ढवळत विरघळवतो आणि रस पाक निवल्यावर घालतो. पातेलं रिकामं असतानाच तोलून ठेवतो. पाक उतरवल्यावर तो साडेसात किलोंपेक्षा जितका कमी भरेल तितकं उकळलेलं पाणी परत घालतो.

मग रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे एका थेंबावरून ब्रिक्स दाखवणारं यंत्र. गरम थेंब टाकला की साधं यंत्र आकडा कमी दाखवतं, आणि माणूस घाबरून आणखी साखर ओततो. थेंब थंड होऊ द्या. ६५ च्या जागी ६३ आला, तर १० किलोला साखर लागते ५७० ग्रॅम, २०० नव्हे. कारण घातलेली साखर घाण्याचं वजनही वाढवते.