ऑफर स्वीकारेपर्यंतच तुमचा फोन लागतो का?

ऑफर लेटरवर सही होईपर्यंत जे रिक्रूटर सकाळ-संध्याकाळ फोन करून "सर, आज स्वीकारून टाका, व्यवस्थापनाला कळवायचे आहे" असा तगादा लावतात, तेच होकार मिळाल्यावर साध्या चार प्रश्नांची उत्तरे द्यायला तयार नसतात. याचा मला मनापासून संताप येतो, आणि तो मी आज सविस्तर लिहिणार आहे. मी सांगलीत, विश्रामबागेत राहतो आणि नोकरी पुण्यात हिंजवडीला लागली. जुन्या नोकरीसाठी पुण्यात घेतलेली भाड्याची खोली मी नोटीसच्या काळातच सोडली होती, कारण मुलाखतीत मॅनेजरांनी पहिले काही आठवडे घरूनच काम असेल असे सांगितले होते.

माझे प्रश्न अवघड नव्हते. लॅपटॉप कोणत्या पत्त्यावर येणार, पहिल्या दिवशी किती वाजता आणि कुठे हजर व्हायचे की ऑनलाइन जोडायचे, आणि कोणती कागदपत्रे मूळ लागतील व कोणत्यांची झेरॉक्स चालेल, एवढेच मी विचारले होते. चौथा प्रश्न मात्र माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा होता. जुन्या कंपनीतला माझा शेवटचा दिवस शुक्रवार होता आणि नवी नोकरी लगेच सोमवारी सुरू होत होती. जुनी कंपनी रिलिव्हिंग लेटर देते ते शेवटचा हिशेब पूर्ण झाल्यावर, आणि त्याला महिना-दीड महिना लागतो. तोपर्यंत राजीनामा मंजूर झाल्याचा ईमेल चालेल का, हे मी लेखी विचारले. त्यावर आलेले उत्तर होते, "डोन्ट वरी सर, ऑनबोर्डिंग टीम संपर्क करेल." पुन्हा विचारले तेव्हा "नोटेड" एवढा एकच शब्द आला, आणि त्यानंतर तोही नाही.

रिक्रूटरला सगळे ठाऊक नसते, हे मला समजते. बऱ्याच ठिकाणी उमेदवार शोधणारी माणसे वेगळी, कागदपत्रे तपासणारी वेगळी, आणि लॅपटॉप तयार करणारा आयटी विभाग तिसराच असतो. रिक्रूटर बाहेरच्या एजन्सीचा असेल तर त्याचे पैसे उमेदवार रुजू झाल्यावर मिळतात, म्हणून त्याचे सगळे लक्ष मी येणार की नाही यावरच असते. पण मग ज्याच्याकडे उत्तर आहे त्याचा ईमेल पत्ता द्यायला काय हरकत आहे? "हे मला माहीत नाही, अमुक मॅडमना विचारा" हे एक वाक्यही उमेदवाराला पुरेसे असते. उत्तर देत नाहीत आणि उत्तर देणाऱ्याचे नावही सांगत नाहीत, हा कामातला सरळ निष्काळजीपणा आहे.

आता त्याचे परिणाम सांगतो. लॅपटॉपसाठी माझा पत्ता कोणी विचारलाच नाही. अर्ज भरताना मी 'सध्याचा पत्ता' म्हणून पुण्यातली खोली लिहिली होती, कारण तेव्हा मी तिथेच राहत होतो. आयटी विभागाने तोच पत्ता उचलला आणि लॅपटॉप तिकडे पाठवून दिला. कुरिअरवाल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत होतो. अशा पार्सलसाठी ओटीपी आणि ओळखपत्र दाखवावे लागत असल्याने घरमालकांना ते घेता आले नाही, आणि लॅपटॉप परत गोदामात गेला. ज्याला पत्ता बदलायचा अधिकार होता तो माणूस कोण, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. रिक्रूटर मॅडमना मी तेव्हाही कळवले आणि त्यांनी तो निरोप फक्त वाचला.

मग शनिवारी संध्याकाळी ईमेल आला की सोमवारी साडेनऊला हिंजवडीच्या कार्यालयात हजर राहा, सर्व मूळ कागदपत्रे आणि झेरॉक्सचा एक संच आणा. सांगलीहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे आणि एसटीने पाच तासांच्या आसपास लागतात, स्वारगेटहून हिंजवडीचा वेळ वेगळाच. म्हणजे रविवारीच निघून पुण्यात कोणाकडे तरी मुक्काम करणे भाग होते. पुण्यातल्या उमेदवाराला विसरलेली गुणपत्रिका दुपारी घरी जाऊन आणता येते, पण आमच्याकडून आलेल्याला एक कागद राहिला तर अख्खा दिवस आणि दोन्हीकडचे भाडे जाते. 'सर्व मूळ कागदपत्रे' म्हणजे नेमकी कोणती, हे त्या ईमेलमध्येही नव्हते. दहावीपासूनच्या गुणपत्रिका, विद्यापीठाचे पदवी प्रमाणपत्र, पॅन, आधार, जुन्या पगाराच्या शेवटच्या तीन स्लिपा, रद्द केलेला चेक, फोटो आणि पीएफचा यूएएन क्रमांक, असे जे जे सुचले ते मी फाइलमध्ये घातले. मूळ पदवी प्रमाणपत्र एसटीच्या गर्दीतून नेताना माझे सारे लक्ष त्या पिशवीतच होते.

सोमवारी काय घडले ते ऐका. टेबलावरच्या मुलाने रिलिव्हिंग लेटर मागितले आणि ते नसल्याने माझी प्रक्रिया थांबवली. दोन तास मी बाहेर बसून होतो. मग एक वरिष्ठ बाई आल्या, त्यांनी राजीनामा मंजूर झाल्याचा ईमेल पाहिला, '४५ दिवसांत रिलिव्हिंग लेटर सादर करीन' अशा छापील हमीपत्रावर माझी सही घेतली आणि मला आत सोडले. ते हमीपत्र छापील होते, हे नीट लक्षात घ्या. अशी माणसे नेहमी येतात, त्यांच्यासाठी नियम ठरलेला आहे आणि त्याचा कागदही गठ्ठ्याने तयार आहे. मी जे आधीपासून लेखी विचारत होतो, त्याचे उत्तर त्याच इमारतीत पडून होते आणि ते एका ओळीत देता आले असते. शिवाय त्यांनी मूळ कागदांपैकी फक्त पदवी प्रमाणपत्र आणि आधार पाहिले, बाकी सगळ्यांच्या झेरॉक्सच घेतल्या.

लॅपटॉप नसल्याने त्या दिवशी मला कंपनीचा लॉगिन मिळाला नाही. पीएफ आणि बँक खात्याची माहिती ज्या पोर्टलवर भरायची होती, ते त्या लॉगिनशिवाय उघडत नव्हते. लॅपटॉप हातात आला तोवर महिन्याची पगाराची यादी बंद झाली होती, कारण ती अनेक कंपन्यांप्रमाणे इथेही २० तारखेच्या सुमारास बंद होते. त्यामुळे पहिल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पगारासोबत मिळेल, असे मला सांगण्यात आले. पुण्यात नवी खोली, तिची अनामत रक्कम आणि रोजचा खर्च मी वडिलांकडून पैसे घेऊन भागवला. चुकीच्या पत्त्याची ही किंमत मी मोजली, रिक्रूटरने नाही.

माझी मागणी स्पष्ट आहे. ज्या दिवशी उमेदवाराचा होकार येतो त्याच दिवशी त्याला लॅपटॉपसाठीचा पत्ता विचारा, हजर राहण्याची जागा आणि वेळ कळवा, मूळ कागद कोणते आणि झेरॉक्स कोणत्या याची यादी पाठवा, आणि रिलिव्हिंग लेटर उशिरा येणार असेल तर कोणता कागद चालतो ते त्यात लिहा. ती यादी तुमच्याकडे तयार आहे, ती मी तुमच्याच टेबलावर पाहिली आहे. आणि ते काम तुमचे नसेल, तर ज्याचे आहे त्याचे नाव आणि ईमेल त्याच उत्तरात द्या.