घसरली, की हाड ठिसूळ होतं म्हणून मोडलं?

मावशी पहाटे बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. अर्धा सांधा बदलावा लागला. आरोग्य विम्याची पॉलिसी जेमतेम पाच महिन्यांची. क्लेम नामंजूर! कारण काय, तर सांधेबदलाला 36 महिन्यांचा वेटिंग पिरियड, म्हणजे तोवर त्याचा खर्च मिळत नाही.

पत्र वाचून मावसभाऊ हातपाय गाळून बसला. मी पॉलिसीचं पुस्तक उघडलं. त्याच कलमात पुढे छापलं होतं, 'अपघातामुळे करावी लागल्यास वगळून'. सुरुवातीचे 30 दिवस आजाराचे पैसे न देण्याच्या कलमातही अशीच सूट असते. म्हणून पॉलिसी घेतल्यावर विसाव्या दिवशी डेंग्यू झाला तर पैसे मिळत नाहीत, पण त्याच दिवशी स्कूटरवरून पडून हात मोडला तर मिळतात.

मग अडलं कुठे? डिस्चार्ज कार्डावर. तिथे निदान होतं 'ऑस्टिओपोरोसिस, खुब्याचं फ्रॅक्चर'. ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. पडण्याचा उल्लेखच नाही! डॉक्टरांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण कंपनी ते वाचून म्हणते, हा आजार.

पॉलिसीच्या भाषेत अपघात म्हणजे अचानक, अनपेक्षित, आपल्या इच्छेविरुद्ध आणि बाहेरच्या, दिसणाऱ्या, जोरदार कारणाने घडलेली घटना. इजा म्हणजे अशा घटनेने शरीराला झालेलं नुकसान, तेही डॉक्टरांनी तपासून लेखी दिलेलं. म्हणजे नुसतं दुखावलं की इजा झाली, असं इथे चालत नाही. माझ्या एका मित्राची भरलेला सिलिंडर उचलताना मणक्यातली चकती सरकली. तो आजही त्याला 'अपघात' म्हणतो. कंपनीने विचारलं, बाहेरून काय आदळलं? सिलिंडर त्याने स्वतःच उचलला होता. चकती सरकण्याला 24 महिने थांबायचं होतं, आणि ते त्याला लागू झालं. मला हे कठोर वाटतं, पण शब्दांकडे बघितलं तर चूक म्हणता येत नाही.

मावशीच्या बाबतीत कॅज्युअल्टीचा पहिला कागद कामी आला. त्यावर 'ओल्या फरशीवरून घसरून पडल्या', वेळेसकट. त्यावरून सर्जनकडून पत्र घेतलं आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडे पाठवलं.

कंपनीने लगेच दुसरा मुद्दा काढला. हाडांचा ठिसूळपणा आधीपासून होता का? हा खरा धोक्याचा प्रश्न, कारण आधीपासूनच्या आजाराच्या कलमात अपघाताची सूट लिहिलेली नसते. आधीची गोळी किंवा रिपोर्ट सापडला असता, तर हाड आजारानेच मोडलं, हा त्यांचा मुद्दा भक्कम झाला असता. मावशीची हाडांची तपासणी आधी कधी झालीच नव्हती. ठिसूळपणा कळला तोच फ्रॅक्चरच्या एक्स-रेवरून. तसं सर्जनने लिहून दिलं आणि क्लेम सुटला.

मधे तपासनीस घरी आला होता. त्याने अगदी गोड आवाजात विचारलं, "आजी, पडण्याआधी चक्कर आली होती का हो?" 'हो' म्हटलं असतं, तर प्रकरण पुन्हा आजाराकडे वळलं असतं. मावशी फटकन म्हणाली, "चक्कर कसली मेली! सुनेने साबणाचं पाणी तसंच सोडलं होतं."