‘एमएल भागिले चार’वाल्या मेसेजला उत्तर

“सिस्टर्ससाठी सोपी युक्ती. ड्रिपचं गणित विसरा. तासाला जेवढे एमएल, भागिले ४, तेवढे थेंब, मॅक्रो सेट कुठलाही असो. मायक्रो असेल तर जेवढे एमएल तेवढे थेंब. डोपामिन सांगितलं तर एका अँपूलला १० थेंब, वजनबिजन काढत बसू नका. एकदा रोलर लावला की बाटली संपेपर्यंत बघायला नको. सगळ्या ग्रुपवर पाठवा.”

मायक्रोचं वाक्य बरोबर आहे, ते आधी मान्य करते. ते का बरोबर आहे हे कळलं, की चारचं वाक्य कुठे घसरतं तेही आपोआप दिसतं.

थेंब मोजताना आपल्याला प्रश्न एकच असतो: या सेटचे किती थेंब झाले म्हणजे एक एमएल होतो? मायक्रो सेटचे ६० थेंब म्हणजे एक एमएल. तासाची मिनिटंही ६०. एकीकडे ६० ने गुणायचं, दुसरीकडे ६० ने भागायचं, म्हणून आकडा तसाच राहतो. तासाला ४० एमएल म्हणजे मिनिटाला ४० थेंब. सूत्र म्हणून लिहायचं तर:

थेंब प्रति मिनिट = तासाचे एमएल × सेटचे थेंब प्रति एमएल ÷ ६०

आता यात सेटचा आकडा १५ घाला. १५ भागिले ६० म्हणजे एक चतुर्थांश. चारने भागायची युक्ती इथून आली. अमेरिकी नर्सिंगच्या पुस्तकांत १५ थेंबांचा सेट सर्रास असतो आणि उदाहरणंही त्यावरचीच. आपल्याकडच्या वॉर्डात हाती येणारा साधा सेट मात्र बहुतेक वेळा २० थेंबांचा असतो. पाकीट फाडून फेकायच्या आधी वाचा, ‘२० थेंब = १ एमएल’ असं त्यावर छापलेलं असतं. २० चा सेट असेल तर भागायचं ३ ने.

माझंही शिकताना हेच झालं होतं. जाड पुस्तकातली पंधराची उदाहरणं पाठ, आणि पाकिटाकडे लक्ष नाही. रात्री आठला ५०० एमएलची आरएल लावली, बारापर्यंत संपवायची होती. म्हणजे तासाला १२५. भागिले चार, ३१ थेंब. घड्याळ समोर धरून चोख ३१ मोजले, आणि बाराला बाटलीत सव्वाशेच्या वर शिल्लक. स्टाफ सिस्टरनी विचारलं, “सेट कुठला लावलास?” कचऱ्याच्या बादलीतून पाकीट काढून दाखवावं लागलं. हिशोब सोपा आहे: २० च्या सेटवर ३१ थेंब म्हणजे तासाला ९३ एमएल. चार तासांत ३७२. हवे होते ४२ थेंब. माझं मोजणं बरोबर होतं, भागाकार दुसऱ्याच सेटचा होता.

आरएलच्या बाबतीत एवढ्यावर निभावलं. डोपामिनच्या बाबतीत निभावत नाही, आणि मेसेजमधलं सगळ्यात धोक्याचं वाक्य तेच आहे.

ऑर्डर घेऊ: डोपामिन, मिनिटाला किलोमागे ५ मायक्रोग्रॅम. पेशंटचं वजन ६० किलो. आपल्याकडचं नेहमीचं अँपूल ५ एमएलचं, त्यात २०० मिलिग्रॅम. ते १०० एमएलच्या एनएसमध्ये घालायचं आहे. आधी बाटलीतून ५ एमएल काढून टाकायचे आणि मग अँपूल घालायचं, नाहीतर १०५ एमएल होतात आणि औषध पाच टक्क्यांनी पातळ होतं.

पेशंटला मिनिटाला किती हवं? ६० गुणिले ५, म्हणजे ३०० मायक्रोग्रॅम. तासाला १८,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १८ मिलिग्रॅम. इथे हजारने भागताना हात थांबवा, मिलि आणि मायक्रोची गफलत झाली तर डोस हजार पटीने बदलतो. बाटलीत एका एमएलला किती आहे? २०० भागिले १००, म्हणजे २ मिलिग्रॅम. मग १८ मिलिग्रॅमसाठी तासाला ९ एमएल. मायक्रो सेटवर मिनिटाला ९ थेंब.

ताळा करायची सवय लावा. तासाला १८ मिलिग्रॅम दराने २०० मिलिग्रॅम साधारण अकरा तास पुरेल. तासाला ९ एमएल दराने १०० एमएलही साधारण अकरा तासच पुरेल. दोन्ही जुळलं, तर मधे कुठे घोळ नाही.

आता हाच पेशंट ‘अँपूलला १० थेंब’ने चालवून बघू. १०० एमएलची बाटली आणि मायक्रो सेट असेल तर मिनिटाला किलोमागे ५.६ मायक्रोग्रॅम जातात. हे योगायोगाने जवळ येतं, आणि युक्ती खरी वाटते ती इथेच. बाटली ५०० एमएलची असेल तर त्याच १० मायक्रो थेंबांत जेमतेम १.१ जातात, म्हणजे बीपी उचलायला लावलेल्या डोसचा पाचवा हिस्सा. आणि १०० च्या बाटलीला कुणी २० चा मॅक्रो सेट जोडला, तर १० थेंब म्हणजे तासाला ३० एमएल, किलोमागे १६.७. हव्या डोसच्या तिपटीहून जास्त. अँपूल तेच, थेंब तेच, पेशंट तोच. वजन तर आपण अजून बदललंच नाही. त्याच पहिल्या बाटलीवर ४० किलोची बाई असेल तर ५.६ चे ८.३ होतात.

मॅक्रोवर बरोबर हिशोब करून ३ थेंब लावले तर? गणित चुकत नाही, पण रोलर तेवढा बारीक लागत नाही. ३ चा ४ झाला की डोस एक तृतीयांशाने वाढतो. मायक्रोवर ९ चा १० झाला तर वाढ नवव्या हिश्श्याची. म्हणून अशी औषधं पंपावरच चालवायची. पंपावर थेंबांचा प्रश्नच नाही, एमएल प्रति तास एवढंच भरायचं. पंप नसेल आणि डॉक्टरांनी ड्रिपवर सांगितलं असेल, तर मायक्रो आणि पेशंटजवळ बसणं. मोठी शीर, मधूनमधून बीपी, कॅन्युलाजवळ सूज आली का हे बघणं. डोपामिन शिरेबाहेर गेलं तर कातडी मरते.

‘रोलर लावला की बघायला नको’ याबद्दल जास्त लिहावं लागत नाही, एक रात्रपाळी केली की कळतं. ड्रिप गुरुत्वाकर्षणावर चालते. पेशंटने कोपर दुमडलं, उठून बसला, नातेवाइकाने स्टँड खाली केला, बाटलीतली पातळी उतरली, की थेंब बदलतात. रोलरखाली दाबलेली प्लास्टिकची नळी हळूहळू आकार बदलते, म्हणून हात न लावताही वेग सरकतो. लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजा, मग तासातासाला. बाटलीवर चिकटपट्टी लावून तासाच्या खुणा करा: आठला ५००, नऊला ३७५, दहाला २५०. थेंब मोजताना चूक होऊ शकते, बाटलीतली पातळी खरं काय ते दाखवते.

समजा दहाला २५० ऐवजी ३०० शिल्लक आहेत. रोलर सोडून ‘भरून काढायचं’ नाही. नवीन गणित मांडा: ३०० एमएल, दोन तास, तासाला १५०, २० च्या सेटवर ५० थेंब. हा वेग मूळच्यापेक्षा पाचव्या हिश्श्याने जास्त आहे. तो या पेशंटला झेपेल का, हे डॉक्टरांना विचारून मगच लावा. हृदयाचा, किडनीचा पेशंट किंवा लहान मूल असेल तर उशिरा संपलेली बाटली परवडते.

आता वही घ्या. उत्तर आधी झाका.

पहिलं. मेट्रोनिडाझोल १०० एमएलची बाटली ३० मिनिटांत, सेट २० चा. इथे तासाचा दर काढायची गरज नाही. १०० एमएल म्हणजे २००० थेंब, भागिले ३० मिनिटं. उत्तर ६६.७, म्हणजे ६७ थेंब.

दुसरं. १२ किलोचं मूल, मेंटेनन्स फ्लुइड ४-२-१ च्या नियमाने, मायक्रो ब्युरेट सेट. पहिल्या १० किलोला किलोमागे तासाला ४ एमएल, म्हणजे ४०. पुढच्या २ किलोला किलोमागे २, म्हणजे ४. एकूण तासाला ४४ एमएल, मायक्रोवर मिनिटाला ४४ थेंब. ब्युरेटमध्ये एका वेळी एक-दोन तासांचंच फ्लुइड सोडायचं, रोलर सुटला तरी सगळी बाटली आत जात नाही.

तिसरं, लेबर रूममधलं. ऑक्सिटोसिन ५ युनिट, ५०० एमएल आरएलमध्ये. ऑर्डर मिनिटाला ४ मिलियुनिट. सेट २० चा. ५ युनिट म्हणजे ५००० मिलियुनिट, एका एमएलला १०. मिनिटाला ४ मिलियुनिटसाठी ०.४ एमएल, गुणिले २०, म्हणजे ८ थेंब. मायक्रो लावला तर २४. कुणी १५ चा सेट धरून गणित केलं आणि २० चा लावला, तर ६ थेंब सोडले जातील आणि मिनिटाला ३ मिलियुनिटच जातील. मग कळा येत नाहीत म्हणून डोस वाढवला जातो, आणि पुढच्या पाळीतली सिस्टर सेट बरोबर धरते तेव्हा तो वाढलेला डोस पूर्ण जातो.

चौथं उलटं आहे, राउंडला असंच विचारतात. बाटलीवर लिहिलंय: डोपामिन ४०० मिलिग्रॅम, ५०० एमएलमध्ये. मायक्रो सेट, मिनिटाला १५ थेंब चालू. पेशंट ५० किलो. डोस किती चाललाय? १५ थेंब म्हणजे तासाला १५ एमएल. एका एमएलला ८०० मायक्रोग्रॅम, म्हणून तासाला १२,०००, मिनिटाला २००, किलोमागे ४. केसपेपरवर ५ लिहिलं असेल तर १९ थेंब हवे होते. रोलरला हात लावायच्या आधी बीपी घ्या आणि डॉक्टरांना सांगा. कदाचित त्यांनीच मघाशी डोस कमी केला असेल आणि कागदावर चढवायचं राहिलं असेल.